चाळून, उन्हात घालूनही धान्यात किडे पुन्हा होतात, त्याचे कारण आणि उपाय

पावसाळ्याच्या तोंडाशी तांदळाचा डबा उघडावा आणि वरच्या थरात काळपट, सोंडेचे बारीक किडे फिरताना दिसावेत, हा अनुभव वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांना नवा नाही. कोणी त्यांना सोंडे म्हणतात, कोणी टोके, कोणी पोरकिडे. उपायही ठरलेला असतो. तांदूळ चाळायचा, सुपात घेऊन पाखडायचा, दोन दिवस गच्चीवर ऊन द्यायचे आणि पुन्हा डब्यात भरायचा. तीन आठवड्यांनी डबा उघडला की किडे पुन्हा हजर असतात, आणि मग दोष डब्याला, दुकानदाराला किंवा हवेला दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा नवे किडे बाहेरून आलेले नसतात. आपण चाळून स्वच्छ केलेल्या तांदळाच्या दाण्यांतच ते त्या वेळी वाढत असतात.

सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते. हे बूच दाण्याच्याच रंगाचे असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी दाण्याच्या आतले पीठ खात तिथेच मोठी होते, तिथेच तिचा कोष होतो आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत, म्हणजे २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, अंड्यापासून किड्यापर्यंतच्या या प्रवासाला साधारण चार ते पाच आठवडे लागतात. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते आणि किडा कित्येक महिने जगतो. चाळणीला सापडतो तो फक्त बाहेर पडलेला किडा. आतली अळी असलेला दाणा आकाराने चांगल्या दाण्यासारखाच असल्यामुळे तो चाळणीवरच राहतो आणि आपण तो विश्वासाने डब्यात परत भरतो.

किती किडे आत लपलेले असू शकतात, याचा अंदाज मला आमच्याच घरच्या तांदळावरून आला. मावळातल्या नातेवाइकांकडून जानेवारीत आणलेला २० किलो इंद्रायणी आम्ही पत्र्याच्या पिंपात भरला होता. तो फारसा पॉलिश केलेला नव्हता, आणि कोंड्याचा थर अंगावर असलेल्या अशा तांदळाला कीड अधिक लवकर लागते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात किडे दिसले म्हणून सगळा तांदूळ चाळला, तेव्हा अंदाजे तीनशे किडे निघाले. त्यानंतर वरच्या थरातला पाव किलो तांदूळ, त्यात एकही किडा नाही अशी खात्री करून, काचेच्या बरणीत घातला, तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधले आणि दर रविवारी बाहेर आलेले किडे मोजून काढून टाकले. पहिल्या आठवड्यात ९, दुसऱ्यात १२, मग ७, ५ आणि २ असे किडे निघाले आणि सहाव्या आठवड्यात एकही निघाला नाही. म्हणजे पाव किलो "स्वच्छ" तांदळात ३५ किडे लपलेले होते. या हिशेबाने २० किलोत दोन हजार आठशे होतात. वरच्या थरात कीड नेहमीच जास्त असते, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा बराच कमी असणार, हे मान्य केले तरी चाळणीने काढलेल्या तीनशेच्या तो कितीतरी पट होता, यात शंका नाही.

हा बरणीचा प्रयोग कोणालाही करता येतो आणि तो एकदा तरी करून पाहावा, असे मला वाटते. पहिल्या दोन आठवड्यांत एकही किडा निघाला नाही आणि पुढे पाच-सहा आठवड्यांपर्यंतही बरणी स्वच्छच राहिली, तर चाळणे पुरेसे झाले होते आणि पुढचे किडे बाहेरून आले, असे समजता येते. एरवी कितीही वेळा चाळले तरी तीच फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते.

ऊन दिल्याने काय होते?

उन्हाबद्दल आपल्या मनात फार मोठा विश्वास आहे आणि तो अगदीच निराधार नाही. उन्हात टाकताच फिरते किडे अस्वस्थ होऊन सावलीकडे पळतात, त्यामुळे संध्याकाळी धान्य स्वच्छ झालेले दिसते. मात्र पळालेले किडे मेलेले नसतात, ते भिंतीच्या फटीत किंवा चादरीच्या घडीत बसतात आणि त्यातले काही आपल्याबरोबर घरात परत येतात. शिवाय सोंडा हलवाहलव झाली की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. चाळलेला कचरा "मेलेले किडे" समजून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, तर तासाभरात तो पुन्हा चालू लागतो. म्हणून हा कचरा साबणाच्या पाण्यात बुडवावा.

दाण्याच्या आतली अळी मरायची, तर खुद्द दाण्याचे तापमान पन्नास अंशांच्या वर जाऊन काही काळ तिथे टिकावे लागते. ५५ ते ६० अंशांना तास-दीड तास मिळाला तर काम होते. विदर्भातल्या मे महिन्याच्या भर दुपारी, गच्चीवर अगदी पातळ पसरलेले धान्य या आकड्याच्या जवळ जाते. पुण्या-मुंबईच्या जुलै-ऑगस्टमधल्या ढगाआडच्या उन्हात ते तिथवर जाण्याची शक्यताच नाही. उलट त्या दिवसांतली दमट हवा धान्यात ओल भरते, आणि ओल वाढली की किडीची वाढ आणखी जोमाने होते. पावसाळ्यात दोन सरींच्या मध्ये मिळालेल्या उन्हात धान्य घालणे हा त्यामुळे उपाय होत नाही, तो बहुधा अपाय ठरतो.

तांदळाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तांदळाचा दाणा कडक उन्हात बाहेरून झपाट्याने सुकतो आणि आतून मागे राहतो, त्यामुळे त्याला बारीक चिरा पडतात. असा तांदूळ शिजवताना मोडतो आणि भाताचा गाळ होतो. तांदूळ सावलीत वाळवावा, उन्हात टाकू नये, असे जुनी माणसे सांगत असत ते याचसाठी. पण सावलीत ओल जाते, कीड मरत नाही, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

कडधान्यांना मात्र ऊन चालते, आणि ते नीट दिले तर उपयोगीही पडते. खाली काळे कापड किंवा काळे प्लास्टिक, त्यावर कडधान्याचा जेमतेम एक सेंटिमीटरचा थर आणि वर पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा दगडांनी दाबून टाकल्या, तर आतली उष्णता कोंडली जाऊन तापमान उघड्या चादरीपेक्षा बरेच वर जाते. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन एवढा वेळ असे ठेवावे. खात्री हवी असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर दाण्यांच्या मधोमध खोचून ५५ अंश तरी दाखवतो का ते पाहावे. काढल्यावर धान्य पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण कोमट धान्य डब्यात भरले की झाकणाला पाणी सुटते आणि पुढे बुरशीला आमंत्रण मिळते.

शहरात खात्रीचा उपाय फ्रीझरचा

उणे १८ अंशांना चार दिवस राहिलेल्या धान्यात अंडी, अळ्या, कोष आणि किडे यांपैकी काहीही जिवंत राहत नाही. मात्र चार दिवस मोजायचे ते पिशवीचा मधला भाग तितका थंड झाल्यापासून, आणि दोन किलोच्या पिशवीचा गाभा तितका गार व्हायला सहज एखादा दिवस लागतो. म्हणून मी सरसकट एक आठवडा ठेवतो. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये, जिथे आइस्क्रीमसुद्धा घट्ट राहत नाही, तिथे दोन आठवडे ठेवावेत. धान्य कोरडे असावे आणि पिशवीतली हवा काढून तोंड घट्ट बंद केलेले असावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान सात-आठ तास, तशीच ठेवावी. गार धान्य दमट हवेत उघडले की दाण्यांवर दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. ही चूक मी पहिल्या खेपेला केली आणि दोन किलो तांदळाला कुबट वास आला.

आमच्या २० किलोंपैकी साधारण १२ किलो तांदूळ दोन-दोन किलोच्या पिशव्यांतून, एका वेळी दोन पिशव्या, असा तीन आठवड्यांत फ्रीझरमधून फिरवला. उरलेला रोजच्या वापराला घेतला आणि वापरून संपेपर्यंत दर सहा दिवसांनी चाळला, म्हणजे बाहेर आलेल्या नव्या किड्यांना नवी अंडी घालायला अवधी मिळू नये. पुढे दिवाळीपर्यंत फ्रीझरमधून काढलेल्या तांदळात एकही किडा दिसला नाही.

खाण्यायोग्य आहे का?

सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, पण त्याचे उत्तर तांदूळ, डाळ आणि पीठ यांना एकच देता येत नाही.

तांदळात सोंडे झाले एवढ्यावरून तो टाकून द्यायचे कारण नाही. नकळत एखादा किडा शिजून पोटात गेला तर सामान्यतः अपाय होत नाही. प्रश्न असतो तो धान्य किती पोखरले गेले आहे आणि त्यात किड्यांची घाण किती साठली आहे याचा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत तांदूळ, गहू अशा धान्यांत किडके दाणे शंभरात दहांपेक्षा अधिक नसावेत आणि किड्यांच्या विष्ठेतून येणारे यूरिक आम्ल किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. यूरिक आम्ल घरी मोजता येत नाही, दाणे मात्र मोजता येतात. डब्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतून मूठमूठ घेऊन, ते मिसळून त्यातले शंभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरावेत आणि भोक पडलेले वेगळे करावेत. हे पाच वेळा करावे. आमच्या पाचशे दाण्यांत चार भोकाचे निघाले, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. बाजारासाठी मर्यादा दहाची असली तरी घरात मी पाचापुढे गेलेला तांदूळ वापरणार नाही, कारण जे भोक दिसते त्यामागे आत अळी असलेले, न दिसणारे दाणेही असतात.

वापरायचा तांदूळ शिजवण्याआधी पसरट पातेल्यात भरपूर पाण्यात घालून हाताने ढवळावा. पोखरलेले दाणे, अळ्या आणि भुसा वर तरंगतो, तो पाण्याबरोबर ओतून द्यावा आणि वर काही येईनासे होईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. शिजवल्यावर आत राहिलेले काही जिवंत उरत नाही, त्यामुळे लगेच शिजवायच्या तांदळाला फ्रीझरची गरज नसते. फ्रीझर हवा तो साठवायच्या तांदळाला.

जाळीची गोष्ट वेगळी आहे. तांदळात, रव्यात किंवा डाळीत दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले असतील आणि त्यांत पांढुरकी, चिकट जाळी दिसत असेल, तर ते काम सोंड्यांचे नसून पाकोळीच्या अळ्यांचे असते. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिव्याभोवती फिरणारी करड्या रंगाची लहान पाकोळी हीच. अळी जाळ्यातच राहते, खाते आणि घाण करते, म्हणून जाळी हातात येईल तेवढी काढून बाकीचे चाळून घेणे पुरेसे होत नाही. जाळी फक्त वरच्या दोन-तीन बोटे थरात असेल, तर त्याच्या खालच्या आणखी तितक्याच थरासह सगळे काढून टाकावे आणि उरलेला तांदूळ वरच्याप्रमाणे धुऊन लवकर संपवावा. जाळी तळापर्यंत पोचली असेल तर तो तांदूळ टाकावा. अळ्या कोष करण्यासाठी धान्य सोडून दूरवर चालत जातात आणि झाकणाच्या खाचेत, कपाटाच्या कोपऱ्यात, छताजवळच्या फटीतसुद्धा बसतात. डबा धुऊनही पाकोळ्या येतच राहतात त्या या कोषांतून, तेव्हा शोध घ्यायचा तो डब्याच्या आत नव्हे, बाहेर.

पिठाच्या बाबतीत मी कठोर आहे. पिठात सापडतो तो लालसर, चपटा, बिनसोंडेचा किडा. सोंडा बारीक पिठात वाढत नाही, त्यामुळे पिठात सोंडे दिसले तर पिठापेक्षा शेजारचा गव्हाचा डबा तपासावा. लाल किड्याची अंडी इतकी बारीक असतात आणि त्यांना पीठ असे चिकटते, की ती घरच्या पिठाच्या चाळणीतून पिठाबरोबर आरपार जातात. शिवाय हे किडे अंगातून उग्र वासाचे रसायन सोडतात, ते पिठात मुरते आणि चाळून निघत नाही. पीठ किंचित गुलाबी-तपकिरी दिसू लागले, डबा उघडताच झणझणीत किंवा रॉकेलसारखा वास आला, पोळीची कणीक नेहमीसारखी ताणली जाईना किंवा पोळी कडसर लागली, तर ते पीठ चाळून, भाजून किंवा ऊन देऊन सुधारत नाही. ते टाकावे. पीठ ताजे आहे, वास स्वच्छ आहे आणि दोन-चार किडेच दिसले, तर चाळून दोन-तीन दिवसांत संपवता येते, साठवता येत नाही. जाळी धरलेले पीठ तर एकदम टाकण्याच्याच लायकीचे. रव्यात नुकतीच सुरुवात असेल तर चाळून मंद आचेवर खमंग भाजला की तो वाचतो. रवा आणल्याबरोबर भाजून ठेवण्याची आपल्याकडची रीत याच हेतूची आहे.

अख्ख्या कडधान्यांना, विशेषतः मूग, चवळी, मटकी आणि हरभऱ्याला, भुंगा लागतो. त्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवते. दाण्यावर पारदर्शक, चकचकीत ठिपका दिसला तर अंडे अजून फुटलेले नाही; तो ठिपका दुधाळ पांढरा झाला तर अळी आत शिरली, असे समजावे. धुऊन हे ठिपके जात नाहीत. साध्या, उघड्या चादरीवर दिलेल्या उन्हाने फिरते भुंगे जातात, आतल्या अळ्या नाहीत. थोड्याच दाण्यांवर ठिपके असतील तर फ्रीझर किंवा प्लास्टिकखालचे ऊन देऊन कडधान्य वाचवता येते. उसळीसाठी भिजवताना वर तरंगलेले दाणे काढून टाकावेत, कारण त्यांना एक तर मोड येत नाहीत किंवा ते आतून भुसाच झालेले असतात. मूठभर मूग घेतले आणि त्यांतला निम्मा गोल भोकांचा निघाला, तर त्यात खाण्यासारखे काही उरलेले नसते.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो ठामपणे सांगायला हवा. धान्य कुबट वासाचे, हाताला गरम लागणारे, गुठळ्या झालेले किंवा हिरवट-काळसर बुरशीचे असेल, तर किडे कितीही कमी असोत, ते कोणीही खाऊ नये आणि कोंबड्या-गुरांनाही घालू नये. किड्यांच्या श्वसनाने ढिगात ऊब आणि ओल वाढून बुरशी धरते आणि तिची विषारी द्रव्ये धुण्याने किंवा शिजवण्याने जात नाहीत. नुसते किडके पण कोरडे, स्वच्छ वासाचे धान्य कोंबड्यांना घालायला हरकत नाही.

पुन्हा भरताना

डबा रिकामा करून उकळत्या पाण्याने धुवावा, झाकणाच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासाव्यात आणि डबा पूर्ण सुकल्यावरच भरावा. तळाचे मूठभर जुने धान्य नव्यात मिसळण्याची सवय सोडावी, कारण किडीचे बियाणे तेवढ्यात पुरते असते. कडधान्याला किलोमागे एक चहाचा चमचा खाण्याचे तेल किंवा एरंडेल चोळले तर भुंग्याची सालीवरची अंडी वाढत नाहीत, पण आत शिरलेल्या अळीला त्याने काही होत नाही. म्हणून आधी फ्रीझर आणि मग तेल, हा क्रम पाळावा. कडुलिंबाच्या पाल्याने किडा येणे काहीसे लांबते, आलेली कीड मरत नाही.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, पण ती पावडर खाण्याची नव्हे, आणि लहान मुले असलेल्या घरात तर ती नकोच. आधीच चोळलेला तांदूळ असेल तर तो पाच-सहा पाण्यांनी धुवावा आणि न धुता कधीही गिरणीत देऊ नये, कारण एकदा पीठ झाले की धुण्याची सोय राहत नाही. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात घालू नयेत. गोदामात वापरल्या जाणाऱ्या विषारी वायूच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूसुद्धा नयेत. बंद खोलीत त्यांच्या वायूने माणसे दगावलेली आहेत.

आमच्या घरी आता जून ते सप्टेंबर या काळात तांदूळ पाच किलोपेक्षा जास्त आणला जात नाही आणि गहू पंधरा दिवस पुरेल एवढाच दळला जातो. वर्षाचा इंद्रायणी अजूनही जानेवारीत येतो, पण पिंपात भरण्याआधी दोन-दोन किलोंनी फ्रीझरमधून जातो. त्याला अडीच महिने लागतात, आणि तेवढे दिवस आइस्क्रीमला जागा मिळत नाही, ही मुलांची तक्रार मात्र रास्त आहे.